एका खटक्याचे साडेबारा हजार

ती रील तुम्हीही पाहिली असेल. काळ्या मखमलीवर एक घड्याळ संथ फिरतंय, मागे पियानो वाजतोय, आणि एक भारदस्त आवाज सांगतो, 'या घड्याळाची तारीख तुम्हाला २१०० सालापर्यंत लावावी लागणार नाही.' खाली कमेंटमध्ये आगीच्या इमोजी. मग कुणीतरी विचारतं, किंमत? मग कुणीतरी उत्तर देतं, 'किडनी.'

मी घड्याळं दुरुस्त करतो. ठाण्यात मामाचं दुकान होतं, तिथे शिकलो, आता तेच दुकान मी बघतो. या घड्याळांना पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणतात आणि अशी घड्याळं माझ्या टेबलावर फार येत नाहीत, पण जी आली आहेत ती सगळी एकाच कारणाने आली आहेत. तारीख चुकली म्हणून. जे यंत्र 'तारीख कधीच लावावी लागणार नाही' म्हणून विकलं गेलं, ते दुरुस्तीला येतं ते तारीख लावता लावता बिघडलं म्हणून. या लेखात मला एवढंच म्हणायचंय की यंत्र खरं आहे, सुंदर आहे, पण त्या रीलमधलं वाक्य खोटं आहे. आणि जादा पैसे मागितले जातात ते यंत्रासाठी नाही, त्या वाक्यासाठी.

आधी यंत्र. त्याबद्दल वाईट बोलायचं तर ते नीट समजून घेतलं पाहिजे.

साध्या यांत्रिक घड्याळात तारखेचं एक चाक असतं, त्याला ३१ दाते. रोज मध्यरात्री एक दाता पुढे सरकतो. बस्स, एवढंच. या घड्याळाच्या मते प्रत्येक महिना ३१ दिवसांचा. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर, हे पाच महिने त्याला मान्य नाहीत, म्हणून वर्षातून पाच वेळा तुम्हाला चावी ओढून तारीख पुढे घ्यावी लागते.

आता शाळेतली मूठ आठवा. मूठ मिटायची, उंचवट्यावर बोट ठेवून जानेवारी म्हणायचं, खळगीत फेब्रुवारी, पुढच्या उंचवट्यावर मार्च. उंचवटा म्हणजे ३१, खळगी म्हणजे कमी. पर्पेच्युअल कॅलेंडरच्या पोटात अक्षरशः ही मूठ असते. एक छोटी पोलादी चकती, तिच्या कडेवर ४८ जागा, म्हणजे चार वर्षांचे महिने. ३१ दिवसांच्या महिन्याला कड पूर्ण उंच. ३० दिवसांच्या महिन्याला एक उथळ खाच, अशा १६ खाचा. फेब्रुवारीला खोल खाच, अशा तीन. आणि चौथ्या फेब्रुवारीची, लीप वर्षातली, खाच त्या तिघींपेक्षा किंचित कमी खोल. ही चकती चार वर्षांत एक फेरी पूर्ण करते. तुम्ही अकरावीला प्रवेश घ्या, बारावी करा, डिग्रीची दोन वर्षं संपवा, तोवर तिचा एक फेरा होतो.

शाळेत खळगीत आली की 'फेब्रुवारी २८, लीप वर्षात २९' असं तोंडाने म्हणावं लागायचं, कारण सगळ्या खळग्या सारख्याच. चकतीला तोंड नाही, म्हणून तिच्या खाचांची खोली वेगवेगळी आहे. २८ आणि २९ मधला सगळा फरक, ज्यासाठी माणसांनी शतकानुशतकं पंचांगांची भांडणं केली, तो इथे मिलिमीटरच्या एका लहानशा भागाएवढा कोरलेला असतो.

ती खाच वाचतो कोण? एक मोठी तरफ. तिचं एक टोक चोचीसारखं चकतीच्या कडेवर टेकलेलं असतं. २४ तासांत एक फेरी मारणाऱ्या चाकावरची खुंटी रोज रात्री या तरफेला ढकलते, आणि काम झालं की स्प्रिंग तिला मागे आणते. मागे किती यायचं, हे चोच किती खोल खाचेत पडली त्यावर ठरतं. महिना ३१ चा असेल तर चोच उंच कडेवरच अडते, तरफ थोडीच मागे येते. फेब्रुवारी असेल तर चोच खोल जाते आणि तरफ बरीच मागे येते.

या तरफेला दोन बोटं असतात. एक बोट रोजचं: ते ३१ दात्यांच्या चाकाचा एक दाता पुढे ढकलतं. दुसरं बोट महिनाअखेरचं. तारखेच्या चाकावर गोगलगायीच्या शंखासारखा एक तुकडा बसवलेला असतो. त्याची कड हळूहळू चढत जाते आणि एका जागी एकदम पायरी पडते. दुसरं बोट महिनाभर या कडेवरून नुसतं घसरत राहतं. ३१ च्या महिन्यात पायरी त्याच्या हाती लागते ती शेवटच्या दिवशी, तेव्हा विशेष काही घडत नाही. ३० च्या महिन्यात तरफ थोडी जास्त मागे आलेली असल्यामुळे बोटाला पायरी एक दिवस आधी सापडते, आणि मध्यरात्री ते चाकाला दोन दाते ढकलतं: ३० वरून थेट १. साध्या फेब्रुवारीत पायरी २८ लाच सापडते आणि चाक चार दाते पुढे जातं. लीप फेब्रुवारीत २९ ला सापडते, तीन दाते.

हे पहिल्यांदा उघडून पाहिलं तेव्हा मी मामाला हाक मारली होती. तो आला, भिंगातून पाहिलं, आणि म्हणाला, "अरे, याला काहीच ठाऊक नाहीये. नुसतं पडतंय आणि ढकलतंय." मला आजवर या यंत्राचं याहून चांगलं वर्णन मिळालेलं नाही. लंडनच्या थॉमस मजने १७६० च्या दशकात खिशातल्या घड्याळात हे जमवलं होतं. तेव्हा वीज नव्हती. पेटेक फिलिपने १९२५ मध्ये ते मनगटावर आणलं, तेही १८९८ मध्ये बाईंच्या गळ्यातल्या घड्याळासाठी बनवलेलं यंत्र वापरून. तर यंत्राला माझा दंडवत आहे, हे नोंदवून ठेवा. भांडण पुढे आहे.

भांडण असं की हे सगळं घड्याळ चालू असेल तरच. आणि यांत्रिक घड्याळ बंद पडतं. मनगटावरून काढून ठेवलं की साधारण दीड-दोन दिवसांत स्प्रिंग उतरते. काही नवी घड्याळं तीन दिवस किंवा आठवडाभर काढतात, पण बहुतेक नाही. आता तुमच्या मनगटाकडे बघा. आठवडाभर तिथे स्मार्टवॉच असतं, कारण पावलं मोजायची असतात आणि मीटिंगचे नोटिफिकेशन हवे असतात. भारी घड्याळ शनिवारी, लग्नाला, दिवाळीला. म्हणजे ज्या माणसाकडे पर्पेच्युअल कॅलेंडर घेण्याएवढे पैसे आहेत, त्याच्याकडे घड्याळं एकाहून जास्त असतात, आणि ज्याच्याकडे एकाहून जास्त असतात त्याचं प्रत्येक घड्याळ आठवड्यातले काही दिवस मेलेलं असतं. मेलेल्या घड्याळाला लीप वर्ष माहीत असून काय उपयोग? विकणाऱ्यांनाही हे माहीत आहे, म्हणून ते सोबत एक डबी विकतात, घड्याळ विजेवर गोल गोल फिरवत ठेवणारी. वीज न लागणारं यंत्र म्हणून मिरवायचं आणि ते जिवंत ठेवायला प्लगला लावायचं.

साधं घड्याळ बंद पडलं तर अर्ध्या मिनिटात लागतं. पर्पेच्युअल लावणं म्हणजे काय असतं, ते एका गिऱ्हाइकाच्या गोष्टीतून सांगतो. नाव सांगत नाही.

हिंजवडीत नोकरी करणारा, तिशीच्या आतला मुलगा. मूळचा ठाण्याचा, म्हणून माझ्याकडे. दोन वर्षांची बचत आणि वर थोडं कर्ज घालून त्याने एक वापरलेलं पर्पेच्युअल कॅलेंडर घेतलं होतं. जुन्या पद्धतीचं, म्हणजे ज्याच्या केसच्या कडेला चार बारीक खड्डे असतात: एक तारखेचा, एक वाराचा, एक महिन्याचा, एक चंद्राचा. टोकदार काडीने खड्ड्यात दाबलं की ती ती गोष्ट एक पाऊल पुढे जाते. पुढेच. मागे जायचा रस्ता नाही.

मार्च २०२४ च्या सुरुवातीला तो दुकानात आला. घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "दादा, माझ्या घड्याळाने २९ फेब्रुवारीच खाल्ला."

२९ तारखेला सकाळी तो मुद्दाम लवकर उठला होता. फोटो काढायचा होता. चार वर्षांतून एकदा येणारी तारीख, त्यासाठीच तर पैसे मोजले होते. आणि तबकडीवर १ मार्च. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेला. तिथे न उघडताच त्याला सांगितलं गेलं की घड्याळ स्वित्झर्लंडला पाठवावं लागेल, काही महिने लागतील आणि अंदाज सव्वा लाखाचा.

मी घड्याळ उघडलं नाही. त्याला एकच प्रश्न विचारला: "शेवटचं बंद पडलं होतं तेव्हा लावलं कुणी?" त्यानेच. नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या सुमारास. यूट्यूब बघून. महिना लावताना काही गडबड झाली होती का? थोडा आठवून म्हणाला, हो, एक जास्त दाबला गेला होता. नोव्हेंबर हवा होता, डिसेंबर आला. मागे जात नव्हता. मग अकरा वेळा दाबून परत नोव्हेंबर आणला.

तिथेच ते झालं होतं. आपल्याला वाटतं महिन्यांचं चक्र १२ चं आहे, फिरून नोव्हेंबर आला की नोव्हेंबर. पण आत ती ४८ ची चकती आहे. त्याचा पहिला बरोबर नोव्हेंबर होता नोव्हेंबर २०२३ चा, लीप वर्षाच्या आदल्या वर्षातला. १२ खटक्यांनी त्याने चकती नोव्हेंबर २०२४ वर नेऊन ठेवली. तबकडीवर दोन्ही नोव्हेंबर दिसायला सारखेच. तारीख बरोबर, वार बरोबर, महिना बरोबर. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, तीन महिने घड्याळ अगदी अचूक चाललं. मग फेब्रुवारी आला आणि चकतीच्या हिशेबाने तो २०२५ चा होता, २८ दिवसांचा. चोच खोल खाचेत पडली, बोटाला पायरी २८ लाच सापडली, चार दाते, १ मार्च. यंत्राने त्याला जे सांगितलं होतं ते तंतोतंत केलं.

ओळखायची खूण एकच होती. महिन्याच्या छोट्या तबकडीत लीप वर्ष दाखवणारा एक इवलासा काटा असतो, १, २, ३ आणि लीप. नोव्हेंबरमध्ये तो ३ वर हवा होता, लीपवर होता. तांदळाच्या दाण्याहून लहान अक्षरं. मी भिंग लावून वाचतो, गिऱ्हाइकाने ते पाहावं अशी अपेक्षाच नाही.

दुरुस्ती अशी केली. तारीख एक दिवस पुढे होती आणि मागे जात नाही, म्हणून चावी ओढून घड्याळ २४ तास बंद ठेवलं, जगाला त्याच्यापर्यंत पोहोचू दिलं. मग महिन्याच्या खड्ड्यात ३६ वेळा दाबलं, कारण एक वर्ष मागे जायचं असेल तर तीन वर्षं पुढे जावं लागतं. वाराचंही त्याने १ मार्चला फोनशी जुळवताना काहीतरी केलं होतं, ते लावलं. राहिला चंद्र. चंद्र लावायला शेवटची पौर्णिमा कधी झाली ते लागतं. चकती पौर्णिमेवर आणायची आणि नंतर जितके दिवस गेले तितके खटके द्यायचे. दुकानाच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. पौर्णिमा २४ फेब्रुवारी. कॅलेंडरची गरज संपवणारं घड्याळ आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवरून लावलं. सव्वा लाख वाचले, माझे पाचशे गेले नाहीत म्हणजे मिळाले.

हा मुलगा नशीबवान. त्याने ही सगळी दाबादाबी दुपारी केली होती. संध्याकाळपासून पहाटेपर्यंतच्या काही तासांत तरफ हलायला लागलेली असते, बोट दात्यात अडकलेलं असतं. त्या वेळी काडीने जोर लावला तर बोटाचं टोक वाकतं किंवा तुटतं, आणि मग मात्र स्वित्झर्लंड. नेमके तास प्रत्येक मॉडेलचे वेगळे, पुस्तिकेत लिहिलेले. सेकंड-हँड घेतलेल्या घड्याळासोबत पुस्तिका येतेच असं नाही. आणि बंद पडलेलं घड्याळ १० वाजलेले दाखवत असेल तर ते सकाळचे की रात्रीचे, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. त्यासाठी काटे पुढे फिरवून तारीख कधी उडते ते आधी बघावं लागतं. हे कुणी रीलमध्ये सांगत नाही, कारण मग रील ३० सेकंदांत बसणार नाही.

इथे एक आक्षेप येणार आणि तो योग्य आहे. सगळी पर्पेच्युअल अशी नसतात. आयडब्ल्यूसी कंपनीच्या कुर्ट क्लाउसने १९८५ मध्ये 'दा विंची'साठी असं कॅलेंडर केलं की त्यात खड्डेच नाहीत. तारीख, वार, महिना, चार आकडी वर्ष आणि चंद्र सगळे एकमेकांना जोडलेले, चावीने एक दिवस पुढे ढकलला की सगळे मिळून पुढे. वर्ष २०२३ असं आकड्यांतच दिसतं, म्हणून हिंजवडीवाल्याची चूक तिथे होऊच शकत नाही. मला विचाराल तर या सगळ्या क्षेत्रातली खरी हुशारी हीच, कारण क्लाउसने घड्याळापेक्षा ते लावणाऱ्या माणसाचा विचार केला. पण सहा महिने बंद असेल तर सहा महिन्यांचा एकेक दिवस ढकलायचा, एकशे ऐंशीच्या वर खटके. आणि मोजणीत चुकून दोन दिवस पुढे गेलात तर? मागे येत नाही. दोन दिवस घड्याळ बंद ठेवून वाट बघायची. १९९६ मध्ये युलिस नार्दांने पुढे-मागे दोन्हीकडे जाणारं कॅलेंडर काढलं, ते लुडविग ओक्सलिनचं काम. म्हणजे तोडगे आहेत. पण सेकंड-हँड बाजारात त्या मुलाच्या बजेटमध्ये जे मिळतं, ते बहुधा खड्डेवालं.

आता पैशांचं बोलू.

१९९६ मध्येच पेटेकने मनगटावर एक मधला प्रकार आणला, अॅन्युअल कॅलेंडर. याला ३० आणि ३१ कळतात, फेब्रुवारी कळत नाही, तो त्याच्या लेखी ३० चा. म्हणून वर्षातून एकदा, १ मार्चला, तारीख पुढे घ्यायची. वर्षातून एक खटका, लीप नसेल तर दोन. जमिनीवर बसून, चहा पिता पिता. गंमत म्हणजे पेटेकच्या त्या पहिल्या अॅन्युअलमध्ये त्यांच्या तेव्हाच्या पर्पेच्युअलपेक्षा सुटे भाग जास्त होते, कारण तरफांच्या जागी चाकं वापरली होती. तरी त्याची किंमत कमी. म्हणजे तुम्ही पैसे भागांचे, श्रमांचे किंवा गुंतागुंतीचे मोजत नाही आहात, हे कंपनीनेच दाखवून दिलं. पैसे 'पर्पेच्युअल' या शब्दाचे आहेत.

चार वर्षांचा हिशेब मांडा. साधं तारीखवालं घड्याळ: २० वेळा हात लावायचा. अॅन्युअल: ४ वेळा. पर्पेच्युअल: शून्य, तेही एकदाही बंद पडू दिलं नाही तर. २० वरून ४ वर येणं ही खरी सोय आहे, त्यासाठी मी स्वतः पैसे देईन. ४ वरून शून्यावर येण्याची किंमत बघा. २०१८ मध्ये अॅन्युअल कॅलेंडर अडीच हजार डॉलरच्या आसपास लाँजिन्ससारख्या कंपनीकडे मिळत होतं. पर्पेच्युअलमध्ये परवडणारं म्हणून नावाजलेलं फ्रेडरिक कॉन्स्टंटचं घड्याळ २०१६ मध्ये आलं तेव्हा दहा हजार स्विस फ्रँकच्या आत होतं आणि तेवढ्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या नावांमध्ये ही दरी कितीतरी रुंद होते, पण मी स्वस्तातलंच धरतो. फरक पाच लाख रुपये म्हणू. घड्याळ ४० वर्षं रोज घातलं, एकदाही बंद पडू दिलं नाही, अशी अशक्य गोष्टही मान्य करू. ४० वर्षांत वाचले ४० वेळचे कष्ट. पाच लाख भागिले ४०. १ मार्चच्या सकाळी एकदा चावी न ओढण्याचे साडेबारा हजार रुपये.

यात सर्व्हिसिंग धरलेलं नाही. यांत्रिक घड्याळाला दर पाच-सात वर्षांनी तेलपाणी लागतं आणि कॅलेंडरचा थर वेगळा उतरवावा लागत असल्यामुळे पर्पेच्युअलचं बिल नेहमी मोठं. शिवाय त्या काळात घड्याळ बंद, म्हणजे परत येताना ते पुन्हा कुणीतरी लावावंच लागतं. 'कधीच नाही' म्हणता म्हणता ४० वर्षांत निदान पाच-सहा वेळा, तेही सर्व्हिसिंगमुळेच.

२१०० चं मात्र मी यांच्या विरोधात वापरणार नाही. टीकाकार नेहमी म्हणतात, बघा, पर्पेच्युअल नाहीच ते, २१०० लीप वर्ष नाही आणि घड्याळाला ते कळणार नाही. खरंय, शंभराने भाग जाणारं वर्ष चारशेने भागलं गेलं तरच लीप, आणि ४८ ची चकती एवढं लांबचं बघत नाही. पण म्हणून काय होणार? २८ फेब्रुवारी २१०० नंतर ती २९ दाखवेल आणि कुणीतरी एक खटका देईल. ७५ वर्षांनी एक खटका ही तक्रार नव्हे. उलट या फुसक्या टीकेमुळे कंपन्यांना आणखी एक मजला चढवायला मिळतो. २०२४ मध्ये आयडब्ल्यूसीने ४०० वर्षांत एक फेरी मारणारं चाक बसवलं, तीन खाचांचं, तीन शतकांमधल्या न येणाऱ्या लीप दिवसांसाठी. ते ३९९९ पर्यंत बरोबर चालणार. त्या घड्याळाची किंमत विचारून मी दुकानातलं वातावरण बिघडवत नाही. मला त्या चाकाकडे बघायला नक्की आवडेल. पण २१०० चा प्रश्न सोडवून शनिवार-रविवारचा प्रश्न सुटत नाही.

आणि सोयच हवी असेल तर कॅसिओ आहे की. इथे एक छोटी सावधगिरी, कारण सगळे कॅसिओ सारखे नाहीत. ते प्रसिद्ध काळं एफ-९१डब्ल्यू, जे आपल्यापैकी निम्म्यांनी दहावीत घातलं, त्याचा फेब्रुवारी कायम २८ चा. २९ ला ते हटकून चुकतं. त्याच कंपनीचं एई-१२००, थोडे जास्त पैसे देऊन मिळणारं, २०९९ पर्यंतची सगळी लीप वर्षं जाणतं, आणि बॅटरी दहा वर्षं. ड्रॉवरमध्ये ठेवलं तरी जाणतं, हा मुद्दा आहे. सिटिझनची सौर पर्पेच्युअल घड्याळं आहेत, काटेवाली, दिसायला सभ्य, तीही लाखाच्या खूप खाली.

मग हे घ्यावं कुणी? जो सोय हा शब्द न उच्चारता घेईल त्याने. ज्याला ती तरफ पडताना आणि ढकलताना बघायची आहे, ज्याला ३६ खटके देणं त्रास न वाटता खेळ वाटतो. अशी माणसं मी पाहिली आहेत. ती महिनाअखेरीला रात्री जागतात. त्यांना पाच लाख जास्त वाटत असतील तर तो त्यांचा आणि त्यांच्या बायकोचा प्रश्न. पण 'दादा, हे आयुष्यभर लावावं लागत नाही ना?' असं विचारत जो येतो, त्याला मी अॅन्युअल सांगतो. आणि 'ही गुंतवणूक आहे ना?' असं विचारणाऱ्याला सांगतो की तुझ्या हातातलं सेकंड-हँड आहे, याचा पहिला मालक ते ज्या भावाला विकून गेला तो आकडा आधी शोधून काढ.

त्या मुलाला मी विक म्हणालो होतो. कर्ज फेड, अॅन्युअल घे, उरलेल्यात फिरून ये. तो चार दिवसांनी परत आला. घड्याळ विकायला नाही. त्याला चकती बघायची होती. मी मागचं झाकण काढून भागणार नाही, तबकडी उतरवावी लागेल आणि उगाच कशाला, असं म्हणून टाळलं, मग माझ्याकडच्या एका जुन्या निकामी कॅलेंडरची चकती डबीतून काढून त्याच्या हातावर ठेवली. त्याने भिंग लावलं, बोटाने फिरवत खाचा मोजल्या. तीन खोल आणि एक कमी खोल, ती त्याला दिसेना. मी चिमट्याचं टोक टेकवून दाखवली.

"हीच का?" म्हणाला. "एवढीशी?"

२९ फेब्रुवारी २०२८ ला मंगळवार आहे. सोमवारी रात्री तो घड्याळ घेऊन दुकानात येणार आहे. मी त्याला सांगून ठेवलंय की निदान नोव्हेंबरपासून ते बंद पडू देऊ नकोस, आणि पडलंच तर काडी हातात न घेता सरळ माझ्याकडे ये.